तांदूळ शेर १, गूळ पाव ४

आमच्या घरात अनारसे कसे करायचे ते एका ओळीत लिहून ठेवलेलं आहे. "अनारसे : तांदूळ शेर १, गूळ पाव ४, तूप रुपयेभार २, खसखस छटाक." संपलं. तांदूळ किती दिवस भिजवायचा, पीठ किती दिवस मुरवायचं, आच कशी ठेवायची, काही नाही. ज्या बाईने लिहिलं तिला ते सगळं हाताने येत होतं. विसरायला होण्यासारखे फक्त आकडे होते, म्हणून आकडे लिहिले.

ती बाई म्हणजे माझी आजी. १९५१ साली लग्न होऊन पंचवटीतल्या वाड्यात आली तेव्हा सतरा वर्षांची होती, शाळा चौथीपर्यंत. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी राहायची, त्यांवर ती सासूबाई सांगतील तसं उतरवून घ्यायची. शाई आता तपकिरी झालीय, अनारशांच्या पानावर तुपाचा एक गोल डाग आहे. त्या डागातून मागच्या पानावरचा सरपणाचा हिशेबही वाचता येतो.

२०२३ साली श्रावण अधिक होता. धाकट्या बहिणीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला जेवायला बोलवायचं आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. आई एरवी अनारशाचं तयार पीठ विकत आणते आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही, मलाही नाही. पण या वेळी आजीने एकदाच, कुणाकडे न बघता म्हटलं, "पहिल्या धोंड्याला विकतचं पीठ?" त्यावर कुणी काही बोललं नाही. मी मात्र बोलले. "मी करते. वहीतलं ग्रॅममध्ये करून घेते म्हणजे झालं."

हे "म्हणजे झालं" मी कुठल्या बळावर म्हटलं तेही सांगते. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. वजन करणं हाच माझा धंदा आहे. रोज सकाळी तराजूवर प्रमाण वजन ठेवून तो बरोबर दाखवतोय ना हे तपासायचं, वहीत सही करायची, मगच कामाला हात लावायचा. शेर आणि पाव मला काय भिववणार!

पहिली अडचण पावातच आली. आई म्हणाली, पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम, यात विचारायचं काय? भाजीवाल्याकडे जाऊन पावशेर मिरच्या मागितल्या तर तो अडीचशेच देतो. खरं आहे. पण हा पाव किलोचा झाला. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोची वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि १९६२च्या एप्रिलपासून जुनी वजनं वापरायला बंदीच झाली. वजनं गेली, शब्द मात्र कुणी जमा करून घेतले नाहीत. त्यामुळे पाव आणि पावशेर बिनबोभाट किलोच्या घरी नांदायला गेले. आजीची ओळ १९५३ची. तेव्हाचा पाव शेराचाच असणार.

मग शेर किती? ऐंशी तोळ्यांचा, हे आजीने पाढा म्हणावा तसं सांगितलं. आणि तोळा? बहिणीचे सासरे सराफ बाजारात जाऊन-येऊन असतात, ते म्हणाले दहा ग्रॅम. सोन्याच्या व्यवहारात हल्ली तोळा म्हणजे दहा ग्रॅम असंच बोलतात. त्या हिशेबाने शेर आठशे ग्रॅमचा आणि पाव दोनशेचा. आईचा अडीचशेचा, यांचा दोनशेचा. एकाच घरात पावाचे दोन भाव.

तेव्हा आजी उठली, देवघरातला लहान डबा घेऊन आली आणि त्यातून चांदीचे पाच रुपये माझ्यासमोर ठेवले. लक्ष्मीपूजनाला पुजायचे, राणीछाप आणि राजाछाप मिसळलेले. "वहीत रुपयेभार लिहिलंय ना? हा रुपया. रुपया म्हणजे तोळा. असे ऐंशी टाकले की शेर."

माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पूर्ण ग्रॅमच दिसतात, दशांश नाही. म्हणून एक नाणं न ठेवता पाचही एकदम ठेवली. सत्तावन्न. एक नाणं साधारण ११.४ ग्रॅमचं. इंग्रजी अमदानीतला रुपया १८० ग्रेनचा पाडलेला असे, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तोळ्याचं ठरवलेलं वजनही तेच. आमची नाणी पिढ्यान्‌पिढ्या हळदी-कुंकवाने आणि चिंचेने घासून घासून थोडी झिजलीत, बाकी हिशेब बरोबर. ११.६६ गुणिले ऐंशी म्हणजे ९३३ ग्रॅमचा शेर. पाव २३३चा. तोळ्याचा तोळाही सापडला आणि शेरही सापडला. सराफांचे दहा ग्रॅम आणि आईचे अडीचशे दोन्ही मी खोडले आणि स्वतःवर फार खूश झाले.

आता गणित. तांदूळ शेर १ म्हणजे ९३३. गूळ पाव ४, चार पाव म्हणजे शेरच, म्हणजे ९३३. तांदूळ आणि गूळ समसमान. मग तर शेर कितीही ग्रॅमचा असला तरी काय फरक पडतो, असंही वाटलं, कारण दोन्ही बाजूंचा शेर कटतो. एवढी नाणी मोजली ती फुकटच! शेरभर तांदळाचे शंभराच्या आसपास अनारसे होतात, मला तेहेतीस हवे होते, म्हणून सगळ्याचा तिसरा हिस्सा केला. तांदूळ ३११, गूळ ३११, तूप ८, खसखस १९. हे मी नीट टाइप केलं, छापलं आणि फ्रिजवर लावलं.

पुढची कृती आजीला विचारत गेले. जुना, घोटीकडचा साधा तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. बदललं नाही तर वास धरतो आणि तो वास तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी उपसून सुती पंचावर पसरायचा. वाळवायचा नाही, नुसता निथळू द्यायचा. मुठीत दाबला तर तळव्याला दाणे चिकटले पाहिजेत, पण पाणी लागता कामा नये. मग दळायचा, बारीक चाळणीने चाळायचा, किसलेला गूळ आणि तूप घालून मळायचा आणि गोळा डब्यात दाबून ठेवायचा. चार-पाच दिवस. या दिवसांत गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि घट्ट गोळा हळूहळू मऊ, एकजीव होतो.

बाहेर जुलैअखेरची रिपरिप चालू होती. पंचा पंख्याखाली पसरला तरी तांदूळ निथळायला दुपारची संध्याकाळ झाली. ही गोष्ट मी तेव्हा नोंदवलीसुद्धा नाही.

दोन ऑगस्टला तूप तापवलं. लिंबाएवढी गोळी खसखशीवर थापली, खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडली. अनारसा उलटत नाहीत, झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं, म्हणजे वरून जाळी पडत जाते. पहिले दोन-तीन क्षण सगळं छान होतं. बुडबुडे आले, जाळी पडायला लागली. मग ती जाळी मोठी होत गेली, कडा पसरल्या, मधोमध भोक पडलं आणि अनारसा अख्ख्या कढईभर झाला. झाऱ्यात आलं ते नुसतं तपकिरी, तुपाळ भुसकट. दुसरा सोडला. त्याचीही तीच गत.

"हसला," आजी पाटावरून म्हणाली.

अनारसा तुपात फुटून पसरला की तो हसला म्हणतात. हा शब्द कुणी काढला असेल ठाऊक नाही, पण कढईसमोर उभ्या असलेल्या बाईचा अपमान करायला याहून चांगला शब्द नाही. अनारसा हसतो, तिला मात्र हसू येत नाही.

हसण्याची कारणं फार नाहीत. गूळ जास्त झाला, पीठ ओलं राहिलं, मळताना तूप जास्त पडलं, किंवा तळणीचं तूप नीट तापलेलं नव्हतं. शेवटचं कारण मी लगेच बाद केलं, कारण गोळी सोडल्यासोडल्या बुडबुडे आले होते. तुपाचे आठ ग्रॅम मोजलेले. ओल असेल कदाचित. गुळावर मला संशयच नव्हता, कारण गूळ मी अगदी ग्रॅमला ग्रॅम लावून घेतला होता.

आजीने गोळा हातात घेतला, चिमटीने ताणला. तार आल्यासारखं लोंबलं. "गूळ फार आहे. तांदूळ कशाने मोजलास?"

"काट्याने."

"काट्याने कशाला? तांदूळ कुणी काट्याने मोजतं का?"

मी फ्रिजवरचा कागद दाखवला. शेर म्हणजे नऊशे तेहेतीस, चार पाव म्हणजे नऊशे तेहेतीस. आजीने कागद लांब धरून वाचला, मग वही मागवली. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "अगं, दोन्ही सारखंच असतं तर मी एकाला शेर आणि दुसऱ्याला पाव कशाला लिहिलं असतं? शेर, शेर नसतं लिहिलं?"

मला हे दहा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. शाळेत शिकवलेलं असतं की अपूर्णांक दिसला की संक्षेप द्यायचा. चार पाव दिसले की हात आपोआप एक शेर लिहितो. मी संक्षेप दिला आणि त्या ओळीत आजीने जे लिहिलं होतं तेच नेमकं पुसून टाकलं.

कारण शेर दोन होते. एक वजनाचा, वाण्याच्या काट्यावरचा, ऐंशी तोळ्यांचा. दुसरा मापाचा. धान्य काट्याला लागत नसे, ते भांड्याने मोजायचं. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. पायलीचे पन्नास म्हणतो ती हीच पायली. आणि यातली खुबी अशी की मापाच्या शेराच्या चौथ्या हिश्श्याला चिपटं म्हणतात, पाव नाही. पाव हा वजनाचाच शब्द. आजीने "गूळ पाव ४" लिहिलं तेव्हा तिने किती ते तर लिहिलंच, पण कशाने मोजायचा तेही लिहिलं. घरात काटा नव्हता. तांदूळ घरच्या मापट्याने दोनदा भरून घ्यायचा. गुळाची ढेप वाण्याकडे फुटायची, तिथे पावशेराचं वजन चारदा टाकून गूळ यायचा. एका ओळीत घर आणि दुकान दोन्ही होती, आणि मी ती ओळ एकाच काट्यावर ठेवली.

"मग मापटं कुठेय?"

मापटं माळ्यावर होतं आणि गंमत म्हणजे मी ते पाहिलेलं होतं. दादाच्या लग्नात वहिनी घरात आली तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरून ठेवलं होतं ते हेच. वहिनीने उजव्या पायाने ते लवंडलं, तांदूळ घरात सांडले, फोटो निघाले. माप ओलांडणं आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे ठेवलेलं ते भांडं खरोखर कशाचं तरी माप आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. १९५१ साली आजीनेही तेच ओलांडलं होतं. पितळेचं, जाड बुडाचं, भांडी बाजारातून आणलेलं. काठाखाली एक छाप होता, आता बोटाला लागतो पण वाचता येत नाही.

ते चिंचेने घासलं आणि काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. ५९० ग्रॅम. मग पुसून कोरडं करून तांदूळ भरला, सुरीच्या पाठीने वरून सपाट केला. ४८४. दोन मापट्यांचा शेर ९६८ ग्रॅमचा. वजनाच्या शेरापेक्षा पस्तीसच ग्रॅम जास्त. एवढ्याने अनारसा हसत नाही. मी आजीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"हे काय? विकायला बसलीस का?" ती म्हणाली. "शीग कुठेय?"

मापावर धान्याचा जो उभा ढीग राहतो ती शीग. घरात, देवाधर्माला, देण्याघेण्यात माप शिगोशीग भरायचं. आजीने स्वतः ओंजळीने तांदूळ ओतला, दाणे कडेने घरंगळायला लागेपर्यंत ओतत राहिली, मग थांबली. काटा ५३८ वर गेला. दुसऱ्यांदा ५४०. मी हे पाच वेळा करून पाहिलं, कारण मला हे आवडलं नव्हतं. शीग ही काही पक्की गोष्ट नव्हे असं मला सिद्ध करायचं होतं. पण तांदूळ एका ठरावीक उतारापलीकडे उभाच राहत नाही, जास्तीचा खाली घसरतो. भांडं तेच आणि तांदूळ तोच असेल तर शीगही जवळपास तीच येते. पाच वेळांत चार ग्रॅमच्या वर फरक पडला नाही. आमच्या प्रयोगशाळेतली काही उपकरणं याहून जास्त भटकतात.

म्हणजे आजीचा तांदळाचा शेर १,०७८ ग्रॅमचा आणि गुळाचा शेर ९३३चा. शंभर ग्रॅम तांदळाला साधारण साडेशहाऐंशी ग्रॅम गूळ. मी घातला होता शंभराला शंभर. शेरास सव्वाशेर भेटला नव्हता, पण कारण कळायला तेवढं पुरेसं होतं.

आणि आता पावाचा प्रश्न परत उघडला. दोन्ही बाजूंना वजनच असतं तर पाव २००चा धरा, २३३चा धरा किंवा २५०चा, प्रमाण तेच राहिलं असतं. पण एका बाजूला पितळेचं भांडं आहे आणि ते काही किलो आल्यावर मोठं झालेलं नाही. आईच्या अडीचशेच्या पावाने गूळ शंभराला त्र्याण्णव झाला असता, सराफांच्या तोळ्याने चौऱ्याहत्तर. एकात अनारसा हसण्याच्या बेतात, दुसऱ्यात कडक आणि फिका. म्हणजे ते पाच रुपये मोजले ते फुकट गेले नव्हते.

नाशिकच्या माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की किती क्युसेक पाणी सोडलं ते पेपरात येतं, पण घाटावर जाऊन आलेल्या माणसाला आपण एवढंच विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. ते माप बरोबर कळतं, कारण मारुती जागचा हललेला नाही. मापट्याचंही तसंच. शेर म्हणजे किती हे पुस्तकात शोधण्याआधी माळा शोधायला हवा होता.

असो. डब्यात हसरं पीठ होतं आणि तेरा ऑगस्टच्या रविवारी जावई जेवायला यायचा होता. पीठ टाकायचं नव्हतं. दोन अनारसे तळून गेले होते, तेव्हा डब्यात उरला तांदूळ सुमारे २९२ ग्रॅम आणि गूळ तेवढाच. गूळ काढता येत नाही, तांदूळ वाढवता येतो. २९२ ग्रॅम गुळाला योग्य प्रमाणात तांदूळ लागतो सुमारे ३३७, म्हणजे आणखी ४५ ग्रॅम हवा. तांदळाचं कोरडं पीठ मिसळून चालणार नव्हतं. ते मिसळतं खरं, पण जाळी पडत नाही आणि अनारसा खुळखुळीत होतो. हे आजीचं मत, आणि या टप्प्यावर तिच्या मताविरुद्ध जायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा पुन्हा तीन दिवस भिजवणं आलं. पंचेचाळीस ग्रॅम तांदूळ, तीन दिवस, रोज पाणी बदलून! आई त्या वाटीकडे बघून तोंडाला पदर लावून जायची.

आजीने विचारलं, "किती भिजवलास?" मी सांगितलं. तिला ग्रॅमचा अंदाज नाही म्हणून तिने वाटीत डोकावून पाहिलं. "दोन मुठी घाल. ही एकच आहे."

"एकच बसते हिशेबाने."

ती काही बोलली नाही.

पाच तारखेला ते दळून मिसळलं. दोन दिवस मुरू दिलं. सात तारखेला संध्याकाळी कढई ठेवली. एकच गोळी थापून सोडली, कारण एवढं शहाणपण आलं होतं. या वेळी अनारसा फुटला नाही. जाळी पडली, रंग आला. पण कडा सैल होत्या, पसरट, आणि झाऱ्याने उचलताना एक तुकडा गळून पडला. खाल्ला तर चांगला लागला. वाणाच्या ताटात ठेवण्यासारखा मात्र नव्हता.

माझं गणित बरोबर होतं. मी तिथेच उभी राहून ते पुन्हा केलं. प्रमाण आजीच्या वहीतलं, मापट्याने तपासलेलं. मग अजून पसरतोय कशाने?

उत्तर त्या पंख्याखालच्या पंचावर होतं, जे मी नोंदवलं नव्हतं. वहीतली ओळ दिवाळीची. आश्विनात नाशिकची हवा कोरडी झालेली असते, तांदूळ तासाभरात निथळतो, गूळ खडखडीत असतो. श्रावणातला गूळ हवेतली ओल पिऊन आधीच मऊ पडलेला, तांदूळही हवा तसा सुकत नाही. काटा ओल आणि गूळ वेगळे दाखवत नाही, तीनशे अकरा म्हणजे तीनशे अकरा. आम्ही प्रयोगशाळेत कुठलीही पावडर वजन करण्याआधी तिच्यात पाणी किती आहे ते मोजतो. घरी येताना ही गोष्ट बहुधा मी चपलेबरोबर बाहेर काढून ठेवते.

"आता आणखी तीन दिवस," मी म्हटलं. रविवार जवळ आला होता. दहाला भिजून होईल, अकराला मिसळायचं, मुरायला जेमतेम एक दिवस.

आजी हळूच म्हणाली, "खिडकीतल्या तुळशीमागे वाटी आहे बघ."

वाटीत तांदूळ भिजलेला होता. तिने दुसरी मूठ माझ्या वाटीबरोबरच, दोन तारखेलाच भिजत घातली होती आणि पाच दिवस रोज पाणी बदलत होती. मला एक शब्द न बोलता. तांदूळ बोटांत धरला की लगेच भुगा होत होता. मला राग यायला हवा होता खरं तर.

तो त्याच रात्री दळला. या वेळी दळण्याआधी पंचावर पंखा पूर्ण लावून दोन तास ठेवला. पीठ चार दिवस मुरलं. बारा तारखेला तळायला बसलो, मी थापायला आणि आजी कढईशी, तिचा हात कापतो म्हणून झारा आईच्या हातात. तेहेतीस झाले आणि वर चार उरले. एकही हसला नाही. तळून झालेले चाळणीत उभे करून ठेवले, एकाला एक टेकवून, म्हणजे तूप निथळतं. आडवे ठेवले तर खालचे तुपात भिजून मऊ पडतात. जावयाने रविवारी जेवणानंतर त्यातले पाच खाल्ले आणि म्हणाला, कुठल्या दुकानातले आहेत? बहिणीने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

दिवाळीला मी अनारसे पुन्हा केले, या वेळी पूर्ण शेराचे. तांदूळ १,०७८, गूळ ९३३, तूप २३, एकही मूठ जास्तीची नाही. पहिल्या फटक्यात झाले. कडा गोल, जाळी बारीक. म्हणजे वहीतली ओळ शब्दशः खरी होती, फक्त ती आश्विनातली होती.

मग मी नवा कागद केला. वर वहीतली ओळ आजीच्या शब्दांत, जशीच्या तशी, शेर शेर ठेवून आणि पाव पाव ठेवून. तिच्याखाली ग्रॅम. बाजूला मापट्याचे तिन्ही आकडे, पाण्याचा, सपाटीचा आणि शिगेचा, म्हणजे पुढे कधी ते हरवलं तर दुसरं भांडं शोधता येईल. शेवटी लिहिलं : धोंड्याचा महिना पावसाळ्यात आला तर तिसऱ्या हिश्श्याच्या पिठाला आजीची एक मूठ तांदूळ जास्त. आणि मूठ म्हणजे किती, हेही लिहायला हवं म्हणून आजीला तांदळाच्या डब्यात हात घालायला लावला. काट्यावर ३६ आले. पुन्हा ३५. पुन्हा ३६.

मी ३६ लिहिलं. आजीने कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "हे छत्तीस काय?"

"तुझी मूठ."

तिने हात उघडला, परत मिटला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"आता बारकी झालीय गं," ती म्हणाली. "पन्नास लिही."